बारा मिनिटांतली पाच मिनिटं

टुंई, टुंई, टुंई. शनिवारच्या दुपारच्या त्या शांततेत वॉशिंग मशीनला आत्ताच ओरडायचं होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपाटात, लोंबत्या साड्या आणि कोटांच्या मधे मांडी घालून बसलेल्या विनितानं रेकॉर्डिंग थांबवलं आणि कान टवकारले. पलीकडच्या खोलीत चार वर्षांच्या लेकीनं, जुईनं, कूस बदलली, पण उठली नाही. देव पावला. विनितानं तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

ऑफिसच्या सादरीकरणाची बावीस स्लाइडची डेक होती. औषधांचं शीतगोदाम राई भागातल्या नव्या जागेत हलवायचं होतं, आणि निर्णय साहेबांचा, मजीदभाईंचा. ते रोज सकाळी एगैलातल्या घरून शर्कच्या ऑफिसला स्वतः गाडी चालवत जायचे. "स्लाइड बघायला मला दोन डोळे जास्तीचे द्या, नाहीतर ऐकता येईल असं काहीतरी करा," म्हणाले होते.

म्हणून तिनं सगळं नव्यानं लिहिलं. 'आलेखात दिसतंय त्याप्रमाणे' हे पहिलं काढलं, गाडीत कोणाला काय दिसणार? लाल रेषेऐवजी सांगितलं, वीज गेली की चाळीस मिनिटांत आतलं तापमान आठ अंशांच्या वर जातं, आणि इन्सुलिनला ते चालत नाही. सुरुवातीलाच सांगितलं, बारा मिनिटं, तीन मुद्दे. एकच लक्षात ठेवायचं तर हे: आधी जनरेटरची चाचणी, मग माल. प्रत्येक मुद्दा सुरू करताना 'आता दुसरा', 'आता शेवटचा', आणि संपताना तीच ओळ परत. मध्ये सिग्नल लागेल, कोणी आडवा घुसेल, घरून फोन येईल. एखादी ओळ निसटली तर पुढं पुन्हा भेटली पाहिजे.

जुई उठायच्या आत फाइल, मजीदभाईंना पुढे पाठवण्यासाठी, विनिताच्या वरिष्ठ देवयानीताईंकडे गेली.

रविवार, आखातातला कामाचा पहिला दिवस. जुईला सर्दी, म्हणून विनिता घरूनच काम करत होती. सकाळी आठ वाजता ऑफिसच्या ग्रुपवर मजीदभाईंचा निरोप आला. "ऐकलं. छान. बुधवारी माल हलवा. जनरेटरचं पुढच्या आठवड्यात बघू."

विनितानं काढ्याचा कप खाली ठेवला. तिनं देवयानीताईंनी पुढे पाठवलेली फाइल उघडली. सात मिनिटं! सुरुवातीचा सारांश नाही, 'आता दुसरा' नाही. जनरेटरची ओळ एकदाच, पाचव्या मिनिटाला, दोन आकड्यांच्या मधे चेंगरलेली.

तिनं फोन लावला.

"अगं, तू तेच तेच तीनदा बोलली होतीस," देवयानीताई म्हणाल्या. "साहेबाला काय बालवाडीतला समजतेस? मी नीट ऐकून कापलं."

"कुठे बसून ऐकलंत?"

"कुठे म्हणजे? माझ्या टेबलाशी."

"समोर डेक उघडी होती?"

"अर्थात. जुळवून बघायला नको?"

"मग तुम्ही ऐकलं नाहीत, ताई, वाचलंत!" विनिताचा आवाज चढला, तिला तो उतरवायचाही नव्हता. "तुमच्या डोळ्यांपुढे ती ओळ सतत होती, म्हणून कानाला जास्त वाटली. त्यांच्यापुढे ट्रक होता! रस्त्यावर निसटली ती ओळ, आणि आता बुधवारी चाचणी न झालेल्या जागेत इन्सुलिन जाणार. वीज गेली तर?"

"ओरडू नकोस. डेकमध्ये लिहिलंय सगळं. त्यांनी बघायला हवं होतं."

"बघता येत नाही म्हणूनच तर केलं ना हे!"

"मी आजच्या मीटिंगनंतर सांगते त्यांना."

"तोवर माल न्यायच्या गाड्या ठरलेल्या असतील. मी आत्ताच पाठवते."

"मला डावलून? विनिता, विचार कर हं. तुझं नोकरीत कायम होण्याचं पत्र माझ्या सहीनं जायचंय."

तिला साड्यांत घुसमटून काढलेली ती दुपार आठवली, आणि त्याहून जास्त, कुणाच्या तरी फ्रिजमध्ये जाऊन पोचणाऱ्या त्या इन्सुलिनच्या कुप्या. तिनं फोन ठेवला. मूळ फाइल मजीदभाईंना थेट पाठवली, खाली लिहिलं: 'आधीची कापलेली होती. कृपया ही ऐका.'

जुई सरकत सरकत मांडीत येऊन बसली. विनितानं तिचं नाक पुसलं, कपाळाला हात लावला, केसांत ओठ टेकले.

वीस मिनिटांनी मजीदभाईंचा व्हॉइस मेसेज आला, मागे हॉर्न वाजत होते. "विनिता, राईलाच चाललो होतो, वाटेत ऐकली. बुधवार रद्द. आधी चाचणी. चौथ्या मिनिटाला ड्रायव्हिंगवरून एकाशी भांडलो बघ मी, तरी ओळ चुकली नाही. पण मला सांग, पहिली फाइल कापली कुणी?"

विनितानं उत्तर टाइप करायला घेतलं. 'देवयानीताई' असं पुटपुटत 'दे' लिहिलं आणि थांबली. राग तर तिथंच होता, गरम, हक्काचा.

जुईनं स्क्रीनकडे पाहिलं, मग आईकडे.

"मम्मा, आता देवयानी आंटीला रागावणार सगळे? बिकॉज ऑफ यू?"