काढलेली खिडकी

वन्सं चार वाजता येणार होत्या. मागच्या खेपेला खिडकीच्या काचेवर बाहेरून पडलेली कबुतरांची घाण बघून त्यांनी मला विचारलं होतं, "या घरात माणसं राहतात ना?" ते पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. आमचं घर चौथ्या मजल्यावर. बाहेरून हात पोचत नाही, म्हणजे सरकती काच चौकटीसकट काढूनच धुवायला हवी.

"हे बायकांचं काम नाही," नवरा म्हणाला. या माणसाला साधा बल्ब बदलायला शेजारी लागतो.

पण त्यानं काच वरच्या खाचेत उचलली, खालची कड आत ओढली आणि खरंच काढली. माझी जीभ वळवळली. "काढलीस, पण बसवता येईल का?"

"आत्ता दाखवतो!"

तो आधी खालची कड रुळावर ठेवायला लागला. वरची कड खाचेत जाईना.

"अरे, आधी वर घाल, मग खाली सोड."

"तू मला शिकवू नकोस!"

असा अर्धा तास गेला. शेवटी माझी पाठ वळल्यावर त्यानं गुपचूप माझंच ऐकलं आणि काच खट्कन रुळावर बसली. तेवढ्यात बेल वाजली.

"ताई, बघ, कशी लोण्यासारखी सरकतेय!"

वन्संनी काच बघितली. कबुतरांची घाण होती तिथेच होती.

"या घरात माणसं..."

मी बादली आणि फडकं त्यांच्या हातात दिलं. "राहतात ना. तुमचा भाऊ काढून देईल, तुम्ही धुवा."