फेरी म्हणजे किती?

दुपारी सुताराला नव्या टेम्पोची आगाऊ रक्कम भरायची होती.

"हप्ता, विमा, देखभाल मिळून महिन्याला पंधरा हजार, वर फेरीला दोनशेचं डिझेल. भाडेवाला फेरीला सातशे घेतो. तीस फेऱ्यांच्या पुढे आपला फायदा, आणि भाड्याच्या वहीत तर महिन्याच्या छत्तीस आहेत," त्याने बायकोला पुन्हा समजावलं. "चालवणार मीच."

तिने वहीवर बोट ठेवलं. "अहो, 'गेला' ही एक ओळ, 'आला' ही दुसरी. भाडेवाला सातशे घेतो ते जाऊन-येऊनच ना?"

त्याने ओळी जोडीजोडीने मोजल्या. फेऱ्या अठराच होत्या.

"लाकूड दोनदा मोजता, तसं हेही मोजायचं," ती म्हणाली.

आगाऊ रकमेचे पैसे परत ठेवून त्याने पुढच्या फेरीसाठी भाडेवाल्यालाच फोन लावला.