गायब झालेला डोंगर

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रफुल सरांनी त्या दिवशी दोनदा फोटो टाकले. पावणेबाराच्या फोटोत माझ्या लेकीच्या, रंजीताच्या कागदावर डोंगर होता. सव्वादोनच्या फोटोत नव्हता.

मी दोन्ही फोटो बोटांनी मोठे करून पाहिले. पाचवीच्या वर्गात जपानची ती प्रसिद्ध लाट करायला दिली होती, होकुसाईची. रंगवायची नाही, कागद कापून मांडायची. वहीच्या खाकी कव्हरचं आभाळ, डावीकडे निळ्या कागदाची भली मोठी लाट, खाली माणसांनी भरलेल्या तीन होड्या, म्हणजे आमच्याकडचे डोंगे, आणि लाटेच्या पोटाखाली, पार मागे, एवढासा बर्फाचा डोंगर. सरांनी मूळ चित्रही ग्रुपवर टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं: ‘आधी डिंक नाही. तुकडे सरकवून, डोळे बारीक करून पाहणे. दुपारी चिकटवणे.’

म्हणजे दुपारपर्यंत सगळं सुटं. आणि मधे खिचडीची सुट्टी.

रंजीताच्या बाजूला करिश्मा बसते. हेमलकशाकडची, इथे आमच्या सावली गावात मावशीकडे शिकायला राहिलेली. गेल्या महिन्यात रंजीताचे दोन खोडरबर गेले, तेव्हापासून माझं तिच्याकडे लक्ष होतं. तिच्या चित्रातला डोंगर मला जरा जास्तच ठसठशीत वाटला. एकावर एक दोन चिकटवल्यासारखा.

नवऱ्याला फोटो दाखवले. ते तलावावरून जाळं घेऊन नुकतेच आले होते.

“कागदाचा तुकडा आहे, साधना. पंख्यानं उडाला असंन.”

“पंखा बंद ठेवतात सर, कागद उडू नये म्हणून.”

“मंग तू पोलीस पाटीलच हो ना आता,” असं म्हणून ते अंघोळीला गेले.

करिश्मानं घेतला का, असं रंजीताला विचारलं तर ती म्हणाली, “नाई लावला.” का, तर खांदे उडवले. घाबरवलं असेल कोणी, असं मला वाटलं. उद्या चित्रं केंद्रशाळेच्या प्रदर्शनाला जाणार होती. बिनडोंगराचं चित्र कोण निवडणार?

सकाळी प्रार्थना संपताच मी वर्गात पोचले. चित्रं टेबलावर मांडलेली होती.

“सर, करिश्माचा डोंगर एकदा उचलून बघा. खाली दुसरा निघेल.”

सर हळू आवाजात म्हणाले, “ताई, चिकटवलेलं आहे ते. आधी लेकरांले विचारू आपण.”

“मी नाई घेतला, काकू,” करिश्मा म्हणाली. “माहा मोठा झाला होता, म्हून दोनदा कापला.”

दोनदा. मला तेवढंच ऐकू आलं. मी कडेला नख घातलं. कागद अर्ध्यात फाटला. खाली दुसरा डोंगर नव्हता. फक्त पेन्सिलीची एक रेघ होती, डोंगर कुठे बसवायचा त्याची.

तेव्हा रंजीतानं कंपासपेटी उघडली आणि आपला डोंगर माझ्यासमोर धरला. शाबूत.

“सरांनीच सांगतलं होतं, एकेक तुकडा झाकून पाहा, नजर कुठी जाते ते,” ती म्हणाली. “डोंगर असला का मी डोंगरच पाहतो. डोंग्यातले मानसं दिसतच नाई. म्हून काढला.”

“मग काल काऊन नाही बोललीस?”

“तू करिश्माचंच विचारून राह्यली होती.”

सरांनी तिचं चित्र माझ्याकडे वळवलं. “डोंगर काढला तं उजवी बाजू रिकामी पडली, सगळा भार डावीकडं. मंग तिनं मोठा डोंगा उजवीकडं सरकवला. मूळ मांडणी मोडली, पन तोल नाई मोडला. कालच्या दुसऱ्या फोटोत दिसते, ताई.”

दिसत होतं. दोन्ही फोटो मी वीस वेळा पाहिले होते, आणि डोंगा हललेला मला दिसला नव्हता.

मी कात्री मागितली, करिश्मासाठी नवा डोंगर कापायला बसले. कापून झाल्यावर तिच्या कागदावर ठेवला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

“लय मोठा झाला, काकू. लाट लहान दिसते.”

दुसरा कापला. तो तिनं पाहिलाही नाही. फाटक्या डोंगराचे दोन्ही भाग बोटानं जुळवून ती डिंक लावत बसली. मधे खाकी चीर राहिली. आता चित्रात आधी तीच दिसत होती.

“करिश्मा, चुकलं माझं,” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली.

संध्याकाळी रंजीताला न्यायला गेले. करिश्मा शाळेच्या ओट्यावर बसून दुसरं काही तरी कापत होती. माझी सावली पडली तशी तिनं सगळे तुकडे ओंजळीत गोळा केले, मोजले, आणि मी पुढे जाईपर्यंत मूठ उघडली नाही.