बोर्ड काढलेला फोटो

माझा भाऊ वर्तमानपत्रात फोटोग्राफर आहे, आणि मी पत्रकारितेच्या कॉलेजात शिकवते. घरात आमचं कधी पटलं नाही, पण त्याच्या फोटोंचं कौतुक मी जगभर करत फिरते. बहीण म्हटलं की हा रोग असतोच.

त्या आठवड्यात माझा तास होता बातमीच्या फोटोंवर. फोटोतून एखादी वस्तू गुपचूप काढली किंवा आत घुसवली, तर बघणारा कसा फसतो. मी तयारीही दणक्यात केली होती. व्हरांड्याचा फोटो काढून त्यातली शिपायाची सायकल पुसून टाकली, पण खिडकीच्या काचेत तिचं प्रतिबिंब मुद्दाम ठेवलं. स्नेहसंमेलनाच्या फोटोत रिकाम्या खुर्च्यांवर माणसं भरली, तीही त्याच फोटोतून उचलून. वर्गाने पाच मिनिटांत शोधून काढलं की एकच टकले काका तीन रांगांत बसलेत. हशा पिकला.

"हसा," मी म्हटलं, "पण उद्या बातमीत हजारोंची गर्दी म्हणून हेच छापून आलं, तर तुमच्यापैकी कुणीही टकले काका मोजणार नाही."

मग मी सांगितलं की पुसलेली जागा रिकामी ठेवता येत नाही, ती शेजारच्या भागाने भरावी लागते. म्हणून मातीत तोच दगड दोनदा दिसतो, भिंतीवर तोच डाग. हल्लीची सॉफ्टवेअर नवीनच माती तयार करून भरतात, तिथे हे सापडेलच असं नाही. पण सावली आणि प्रतिबिंब पुसायला लोक विसरतात, कारण डोळा वस्तूकडे असतो. आणि एवढं सगळं दिसलं तरी तो फक्त संशय. खरं-खोटं ठरवायचं तर त्याच वेळचे दुसऱ्या कुणाचे फोटो हवेत, नाहीतर कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल.

"उजेड थोडा कमी-जास्त केला तर चालतं, मॅडम?"

"चालतं. जे होतं ते नीट दिसावं म्हणून. होतं ते नाहीसं करायचं नाही, नव्हतं ते आणायचं नाही. बातमीच्या फोटोत एवढंच."

आणि शेवटी, तास गोड व्हावा म्हणून, मी पडद्यावर भावाचा फोटो लावला. गावभर गाजलेला. पाण्याच्या पाइपसाठी खणलेला खड्डा, कलतं ऊन, आणि काठावर बाईची एक चप्पल. ती बाई स्कूटरसकट त्या खड्ड्यात पडली होती, कंबरेचं हाड मोडून अजून हॉस्पिटलात आहे, तिला काही आठवत नाही. पहिल्या पानावर फोटो आला होता, वर ठळक अक्षरांत: 'ना बोर्ड, ना अडथळा'.

"हा बघा, इथे कुणी काही घातलं नाही, काही काढलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच होता.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. वर्गाने तिचं नाव शंकासुर ठेवलंय. तिने हात वर केला.

"मॅडम, मातीच्या ढिगावर ती सावली कशाची?"

"खांबाची असेल. फोटोबाहेरच्या."

"मग ती फोटोच्या कडेपासून आत यायला हवी ना? ही तर मध्येच सुरू होते."

"वर टांगलेल्या एखाद्या पाटीची असेल," मी म्हटलं. मला राग यायला लागला होता.

"तिला दोन पाय आहेत, मॅडम. पाय जमिनीवर आहेत, आणि वर चौकोन."

मी पडद्याजवळ गेले. चपलेची सावली उजवीकडे, दगडांच्या सावल्या उजवीकडे, आणि ढिगावर दोन काटक्यांसारखे पाय अन् त्यांच्यावर एक तिरका चौकोन, तोही उजवीकडे. त्या सावलीच्या डावीकडे, जिथे काहीतरी उभं असायला हवं, तिथे नुसती माती. त्या मातीत एक तिकोनी खडा होता, आणि वीतभर अंतरावर तसाच दुसरा.

वर्गात कुणीतरी हळूच म्हणालं, "पण याच फोटोवरून त्या खोदकामाचा मुकादम निलंबित झालाय ना?"

हो. खड्ड्यापाशी धोक्याचा बोर्ड लावणं हे मुकादमाचं काम. तो म्हणत होता, मी लावला होता. पण खड्डा त्याच संध्याकाळी घाईघाईने बुजवला गेला, सामान उचललं गेलं, आणि जमलेल्यांनी मोबाइलवर फोटो काढले ते स्ट्रेचरचे. उरला फक्त माझ्या भावाचा फोटो. माझ्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी चौकशीची शेवटची सुनावणी होती. ती झाली की बडतर्फ.

मी तास संपवला आणि तडक भावाकडे गेले.

तो दुपारचा जेवून लोळत पडला होता. भावजयीने पाणी आणून दिलं, "बसा ना ताई," म्हणाली. मी बसले नाही.

"त्या खड्ड्याच्या फोटोत बोर्ड होता का रे?"

तो उठून बसला. हा माणूस लहानपणापासून थापा मारण्यात पटाईत, पण त्या वेळी त्याला एक थाप सुचली नाही.

"कोपऱ्यात होता," तो म्हणाला. "लाल-पांढरा, भडक. नजर सारखी तिकडेच जायची गं. चप्पल मरत होती. मी जरा साफ केला फोटो."

"साफ?"

"सगळे करतात ताई! कोपऱ्यातली वायर, डोक्यातून उगवलेला खांब. उचलायचं, पुढे जायचं. मला कुठे माहीत होतं उपसंपादक तो फोटो बघून मथळा लिहिणार आहे? त्याला वाटलं बोर्ड नव्हताच. सकाळी अंक हातात आला तेव्हा माझ्याच तोंडचं पाणी पळालं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सगळे पाठ थोपटत होते. वाटलं, दोन दिवसांत लोक विसरतील."

"लोक विसरले रे. मुकादमाची नोकरी चाललीय!"

भावजय दारात उभी राहून ऐकत होती. "आणि यांची गेली तर?" ती म्हणाली. "एक फोटो खोटा निघाला की आजवरचे सगळे खोटे धरतात, ताई. दुसरीकडे कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही."

तिचं चूक नव्हतं. मला तिचा राग आला नाही, तिची कीव आली, आणि माझीही. भाऊ म्हणाला, "तू जाऊन सांग ना. ती सावली दाखव त्यांना."

"सावलीने संशय येतो, सिद्ध काही होत नाही. मूळ फाइल तुझ्याकडे आहे. ठेवलीयस ना?"

"मूळ फाइल मी कधीच पुसत नाही," तो चिडून म्हणाला. जणू मी त्याच्या प्रामाणिकपणावरच घाला घातला होता. मला हसावं की त्याच्या एक थोबाडीत द्यावी, कळेना.

बराच वेळ तो नखं कुरतडत बसला. शेवटी तो उठला, कपाटातून हार्ड डिस्क काढली आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "उद्या तू बरोबर ये, ताई. मला एकट्याला जमायचं नाही."

चौकशीची खोली म्हणजे दोन टेबलं आणि वर घरघरणारा पंखा. चौकशी अधिकारी चष्मा कपाळावर चढवून बसले होते. समोर मुकादम. पन्नाशीचा, धुतलेला शर्ट, मांडीवर दोन्ही हात. टेबलावर वर्तमानपत्राचं ते पान घडी करकरून मऊ पडलेलं.

भावाने सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, उलट नको तेवढं बोलला. लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली. तोच खड्डा, तीच चप्पल, आणि डाव्या बाजूला ठसठशीत लाल-पांढरा बोर्ड. त्याची सावली ढिगावर, जागच्या जागी.

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला. "तुम्ही फोटोतून वस्तू काढता, हे तुम्हीच सांगताय. मग ही वस्तू तुम्ही आज आत घातली नसेल कशावरून?"

भावाच्या कानशिलापर्यंत लाली चढली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या खऱ्या फोटोला खोटं म्हणत होतं, आणि त्याला चिडायचाही हक्क उरला नव्हता.

मी मध्ये पडले. "कॅमेऱ्याची कच्ची फाइल आहे साहेब. ही प्रयोगशाळेत जाणकारांकडून तपासता येते. तपासून घ्या, आमची ना नाही."

"पाठवू," ते म्हणाले. "पण बाई, अजून एक अडचण आहे. तुम्ही यायच्या आधीच यांनी कबूल केलंय. बोर्ड लावायचा राहिला, असं."

मी मुकादमाकडे वळले. मला रागच आला. "अहो, असं कसं कबूल केलंत? तुम्ही तर पहिल्यापासून म्हणत होता की लावला होता!"

"म्हणत होतो," तो म्हणाला. "पण रोज तो फोटो बघत होतो हो. घरी, चहाच्या टपरीवर, इथे. सगळे म्हणायचे, फोटो खोटं बोलतो का? मग रात्रंदिवस आठवायचा प्रयत्न केला. आठवायला गेलं की तो फोटोच दिसायचा. बायकोला म्हटलं, मीच विसरलो असेन. त्या बाईला बघायला हॉस्पिटलात गेलो, पाया पडलो तिच्या. म्हटलं, माझ्यामुळे झालं."

भाऊ टेबलाची कड धरून उभा होता.

मुकादम उठला, लॅपटॉपपाशी आला. वाकून पाहिलं. बोट पुढे नेलं, पण बोर्डाला लावलं नाही, मागे घेतलं. मग माझ्या भावाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या मास्तरांना विचारावं, तसं त्याने विचारलं:

"साहेब, नक्की सांगा. मी लावला होता ना?"

हे उत्तर मी देण्यासारखं नव्हतं.

"लावला होता, दादा," भाऊ म्हणाला. "तुम्ही लावला होता. मी काढला."

मुकादमाने मान हलवली. पण पुन्हा स्क्रीनकडे वळून तो बघतच राहिला, आणि त्याचा विश्वास बसलाय असं काही मला वाटलं नाही.