हात वर केलेला फोटो

बबडीनं जेवता जेवता जाहीर केलं, की शाळेच्या वेबसाइटवरचा आणि वार्तापत्रातला तिचा फोटो निघत नाही तोवर ती शाळेत जाणार नाही. का, ते सांगणार नाही. एवढं बोलून तिनं आणखी थोडा भात मागून घेतला.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तो फोटो म्हणजे घराण्याचं भूषण होतं. दुसरीतली बबडी पहिल्या बाकावर, उजवा हात ताठ वर, डोळे मोठ्ठे, ओठ घट्ट मिटलेले, जसं काही उत्तर तोंडातून निसटून जाईल. खाली शाळेनं छापलं होतं, ‘जिज्ञासा हीच आमची ओळख’. बबडी चौथीत गेली तरी वेबसाइटच्या पहिल्या पानावर ती दुसरीतच होती, आणि दर महिन्याच्या वार्तापत्राच्या मुखपृष्ठावरही. आईनं तर तो कपावर छापून घेतला होता. ऑफिसात ती त्यातूनच चहा प्यायची, आणि कुणी विचारलं नाही तर कपच त्याच्याकडे वळवून ठेवायची.

“अगं, पण झालं काय?”

“काही नाही.”

“कोणी चिडवतं का?”

बबडीनं भातात वरण कालवायला घेतलं. लाडीगोडी झाली, दमदाटी झाली, नव्या सायकलचं आमिष झालं. तोंडातून अक्षर फुटेना. “विसरेल दोन दिवसांत,” बाबा म्हणाले. बाबांना सगळ्याच गोष्टी दोन दिवसांत विसरता येतात. बबडीला येत नाहीत. पुढच्या आठवड्यातही दप्तर खुंटीवरून हललं नाही, तेव्हा आई ईमेल लिहायला बसली.

आता आईला ईमेल लिहायला शिकवायची गरज नव्हती. विमा कंपनीच्या तक्रार विभागात ती लोकांच्या संतापाला गुळगुळीत उत्तरं लिहायची. तक्रारदाराला कुठे लोंबकळत ठेवायचं हे जिला ठाऊक, तिला स्वतः लोंबकळायचं कसं नाही हेही ठाऊक असतं. तिनं लिहिलं:

‘प्रवेशाच्या वेळी आम्ही मुलीचे फोटो वापरण्यास दिलेली संमती मागे घेत आहोत. सोबत जोडलेला फोटो वेबसाइटवरून, मोबाइलवर दिसणाऱ्या पानांवरून आणि वेबसाइटवर ठेवलेल्या वार्तापत्राच्या जुन्या अंकांतून काढावा. पुढील अंकांत तो वापरू नये. शाळेच्या फोटोसंग्रहातूनही तो काढावा, म्हणजे पुन्हा चुकून वापरला जाणार नाही. वाटून झालेले छापील अंक परत मागवता येणार नाहीत याची कल्पना आहे. काम झाल्यावर कळवावे.’

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. कृपया कारण सविस्तर कळवावे.’

आईनं कपाळाला हात लावला. ही तिन्ही वाक्यं तीच रोज लिहायची. संबंधित विभाग म्हणजे शेजारचं टेबल, आणि कारण सविस्तर मागितलं की निम्मे तक्रारदार कंटाळून गप्प बसतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! तिनं ठणकावून लिहिलं, ‘संमती मागे घेताना कारण द्यावे लागत नाही.’ पाठवलं आणि तशीच उठून बबडीच्या खोलीत गेली.

“शाळेला मी नाही सांगणार. पण मला तरी सांग की कारण.”

बबडीनं भिंतीकडे तोंड केलं.

मुख्याध्यापिकांनी भेटायला बोलावलं. त्यांच्या खोलीत टेबलामागे बबडीचा तोच फोटो, दरवाजाएवढा. त्याखाली बसून त्या फारच गोड बोलल्या.

“अहो, त्या डोळ्यांतली जिज्ञासा बघा. प्रवेशाला येणारे पालक या फोटोसमोर थांबतात. काही गैरसमज झालाय का? हवं तर खाली तिचं नाव घालू.”

“नाव नको. फोटोच नको.”

“पण कारण कळलं असतं तर…”

“कारण नाही,” आई म्हणाली, आणि हे दुर्दैवानं अगदी खरं होतं, निदान तिच्यापुरतं.

नियम मुख्याध्यापिकांनाही माहीत होता. त्यांनी सुस्कारा सोडला, भिंतीवरचा मोठा फोटोही उतरवायला सांगितला आणि वेबसाइट सांभाळणाऱ्या संगणकाच्या बाईंकडे आईला पाठवलं. बाईंनी काम समोरच केलं. पहिल्या पानावरून फोटो काढला. आईनं लगेच मोबाइल उघडून दाखवला, त्यात बबडी अजून हात वर करून बसलेली. मोबाइलसाठी कापलेला फोटो वेगळा होता, तोही निघाला. प्रवेशाच्या पानावर तिसरी बबडी सापडली. जुन्या अंकांची मुखपृष्ठं बदलायला वेळ लागणार होता, म्हणून बाईंनी ते अंक तोवर वेबसाइटवरून उतरवून ठेवले. शेवटी फोटोसंग्रह उघडून मूळ फाइल पुसताना त्यांचा हात जरा थांबला.

“बरं झालं तुम्ही लिहिलंत,” त्या हळूच म्हणाल्या. “मी त्या दिवशी वर्गातच होते.”

“कोणत्या दिवशी?”

“फोटोच्या. हिला बाहेर जायचं होतं हो, बाथरूमला. म्हणून हात वर केलेला. फोटोग्राफर म्हणाला, वा, हात खाली घेऊ नकोस, अशीच थांब. एक फोटो, मग आणखी एक. वर्गशिक्षिका म्हणाल्या, एवढं होऊ दे. मग व्हायचं ते झालं.” बाईंनी बटण दाबलं. “नवा अंक आला की वर्गातली मुलं असाच हात वर करून हसतात. मी एकदा म्हटलंही होतं, दुसरा घेऊ या. पण फोटो फार चांगला आला होता ना.”

आईला तो दिवस आठवला. बबडी भलत्याच स्कर्टमध्ये घरी आली होती. पाणी सांडलं, म्हणाली. आईनं तिला वेंधळी म्हटलं होतं, आणि काही दिवसांनी फोटो आल्यावर सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. तिला स्वतःची अशी लाज वाटली की नमस्कार न करताच ती बाहेर पडली.

संध्याकाळी बबडीनं वेबसाइट तपासली. पहिल्या पानावर आता एका रिकाम्या बाकाचा फोटो होता. खाली मजकूर तोच, ‘जिज्ञासा हीच आमची ओळख’. ती खुदकन हसली, बऱ्याच दिवसांनी. मग विचार करून म्हणाली, “आई, तुझ्या कपावरचापण.”

“तो का गं?” बाबा मध्येच म्हणाले. “तो तर आपलाच आहे. मावशीकडेपण फ्रेम आहे.”

“मावशीकडचापण.”

“अगं, पण काहीतरी कारण…”

“कारण द्यावं लागत नाही,” आई म्हणाली.

बबडीनं चमकून आईकडे बघितलं. “तुला शाळेत कोणी काही सांगितलं?”

खरं सांगावं, जवळ घ्यावं, माफी मागावी, असं आईला अगदी आतून वाटलं. पण ही एवढीशी पोर इतके दिवस ज्या गुपितासाठी तोंड मिटून बसली होती, ते तिच्या हातातून काढून घेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

“मी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

बबडीनं उठून खुंटीवरचं दप्तर काढलं आणि उद्याची पुस्तकं भरायला बसली. आईनं मावशीला निरोप पाठवला, की फ्रेममधला फोटो काढ आणि मोबाइलमधलाही पूस.

मावशीचं उत्तर लगेच आलं, ‘का गं? एवढा गोड फोटो! कारण तरी सविस्तर सांग.’