सरळ दिसणारी पानं

भाऊजींनी नियमांचं पुस्तक स्कॅन करून आणलं, त्या संध्याकाळी घरात निकालच लागल्यासारखं वातावरण होतं. धाकटीने पेनड्राइव्ह लावला, संगणकातल्या बाईने पहिलं पान घडाघडा वाचून दाखवलं आणि थोरलीने टाळ्या वाजवल्या. "बघ, म्हटलं होतं ना, तुझे भाऊजी एकदा मनावर घेतात ना," थोरली म्हणाली. भाऊजी नुसते खाकरले. कौतुक झालं की ते खाकरतात, एवढंच त्यांना जमतं.

धाकटीला जन्मापासून दिसत नाही. इस्पितळाच्या टेलिफोनवर ती अकरा वर्षं बसते आणि कुठल्या मजल्यावर कोण चिडलेलं आहे हे तिला घंटीच्या आधी कळतं, असं तिथले लोक म्हणतात. चौकशी कक्षाची प्रमुख व्हायला एक परीक्षा असते. वयाची अट पाहता ती यंदा शेवटचीच द्यायची होती. अभ्यासाचं पुस्तक एकच, तीनशे बारा पानांचं, जाडजूड बांधणीचं, आणि प्रत कार्यालयात एकच शिल्लक. भाऊजींनी ते चार दिवसांसाठी मागून घेतलं आणि आपल्या कारखान्याच्या ऑफिसातल्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत उभ्याने स्कॅन केलं.

सगळे जेवायला उठल्यावर धाकटीने दुसरं पान लावलं.

"टाफ. खि. ळ. रेघ. शून्य. ड," संगणकातली बाई म्हणाली.

तिसरं पान स्वच्छ. चौथं पुन्हा बरळायला लागलं. पुढे पुढे तक्ते असलेल्या पानांवर तर बाई दोनचार सुटी अक्षरं बोलून गप्पच व्हायची. एक पान नियम, एक पान बडबड, असं तीनशे बारापर्यंत. धाकटीने हेडफोन काढला तेव्हा थोरलीने आतून विचारलं, "कसं वाटतंय गं?"

"छान आहे की," धाकटी म्हणाली.

आता यात खोटं बोलण्यासारखं काय होतं, असं तुम्हाला वाटेल. पण जिला आयुष्यभर प्रत्येक गोष्ट कुणाकडून तरी करून घ्यावी लागते, तिला विचारा. ज्याने आपल्यासाठी चार दिवस पाय मोडून घेतले, त्याला 'अर्धं काम वाया गेलं' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय पुस्तक परत गेलेलं. दुसऱ्या दिवशी तिने आडवळणाने विचारून पाहिलं, "भाऊजी, दुसरं पान सरळ आहे ना हो?" भाऊजींनी पडदा पाहिला. "एकदम सरळ. सगळी सरळ करूनच आणलीत." तिच्या कानांना वाकडं आणि त्यांच्या डोळ्यांना सरळ. वाद कुणाशी घालणार?

आठ दिवस तिने अर्ध्या पुस्तकाचा अभ्यास केला. अर्धे नियम पाठ करून पूर्ण परीक्षा पास होत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. परीक्षेला सहा दिवस उरले तेव्हा तिची झोप उडाली आणि घरी न सांगता ती पेनड्राइव्ह घेऊन ग्रंथालयात गेली.

तिथे अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या एक बाई आहेत. बोलणं फटकळ, हात सोन्याचे. त्यांनी दुसरं पान उघडलं. "पान तर सरळ आहे," त्याही म्हणाल्या. मग बाईंनी पानावरचा मजकूर निवडून कोऱ्या पानावर चिकटवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"अच्छा. चोर सापडला," त्या म्हणाल्या. "हे बघ, अशा पानात दोन गोष्टी असतात. वर फोटो, आणि त्याच्या मागे मशीनने वाचून लिहिलेली अक्षरं. आम्ही फोटो बघतो, तुझी बाई अक्षरं वाचते. स्कॅन करणाऱ्याने जाड पुस्तक काचेच्या कडेला टेकवलं असणार, म्हणजे शिवण दबत नाही. मग शेजारचं पान घ्यायला पुस्तक उलटं फिरवावं लागतं. म्हणून सगळी सम पानं उलटी आली आणि तक्ते आडवे. मशीनने तिथल्या तिथे, उलट्या पानांवरूनच अक्षरं ओळखली. त्याने नंतर पानं फिरवली, पण फोटो फिरला म्हणून चुकीची अक्षरं बरोबर होत नाहीत. आधी सरळ करायचं, मग ओळखायचं. क्रम चुकला, बाकी काही नाही."

"मग आता सगळं पहिल्यापासून?"

"थांब जरा." बाईंनी जुनी अक्षरं काढून टाकली आणि पानं नव्याने ओळखायला लावली. पानाची दिशा मशीननेच ठरवावी, ही खूणही त्यांनी सवयीने केली होती. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "या शहाण्याने आकड्यांचे तक्ते पुन्हा उलटे केले. अक्षरं कमी असली की याला वर कुठलं नि खाली कुठलं ते कळत नाही." मूळ फाइल पुन्हा उघडून, ती खूण काढून, त्यांनी काम दुसऱ्यांदा लावलं. या वेळी मशीनने पानांना हात लावला नाही, फक्त वाचलं. वीस मिनिटांत काम झालं.

धाकटीने दुसरं पान लावलं. संगणकातली बाई नीट, न अडखळता नियम सांगू लागली. चौथं पान. मग एक तक्ता, मथळ्यासकट. तिचा हात टेबलावरच थांबला.

"ही पानं कुणी सरळ केली?" बाईंनी विचारलं.

"माझ्या भाऊजींनी."

"सम पानं एकगठ्ठा फिरवता येतात, त्यात काही नाही. पण तक्ते एकसारखे नाहीत. काही डावीकडे वळवायचे, काही उजवीकडे, एकेक बघून. चौसष्ट तक्ते आहेत, एकही चुकलेला नाही. त्यांनी हे केलं नसतं तर मला दोन दिवस लागले असते, आणि तुझ्याकडे दिवस किती आहेत?"

धाकटीला रडू आलं. आठ दिवस जे काम वाया गेलं म्हणून ती लपवत होती, त्याच कामाने तिला वाचवलं होतं. बाईंचे आभार तिने तीनतीनदा मानले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मला पुरे झाले. घरी जा आता."

ती परीक्षा पास झाली, तेव्हा त्याची काळजी नको. आज चौकशी कक्ष तिच्याच शिस्तीत चालतो. पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं.

भाऊजी दारात चपला काढत होते, तिथेच तिने त्यांना सगळं सांगून टाकलं. सम पानांची बडबड, आठ दिवसांचं खोटं, ग्रंथालय, चौसष्ट तक्ते. "तुम्ही एवढं केलंत आणि मी तुम्हाला खरं सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. चुकले मी."

भाऊजी खाकरले नाहीत.

"तू 'दुसरं पान सरळ आहे ना' असं विचारलंस ना," ते म्हणाले, "तेव्हाच मला शंका आली होती. तुझा आवाज पडला होता. तेव्हापासून रोज सुट्टीत मी ती फाइल उघडून बघतोय. तीनशे बाराच्या तीनशे बारा पानं, रोज. मला काही सापडेना गं. आणि तू छान आहे म्हणत होतीस, म्हणून विचारायचाही धीर होईना."

"रोज?"

"मग काय करणार? डोळ्यांनी जेवढं दिसतं तेवढंच बघणार ना मी."

धाकटीने त्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्या खुर्चीशेजारी आणून बसवलं. मग दुसरा हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि दुसरं पान लावलं.