साडेसतरा सेंटिमीटर

आवाजाचा तज्ज्ञ म्हणून मी कोर्टात साक्षी देतो. लोकांना वाटतं, आम्ही नुसतं ऐकून माणूस ओळखतो. डोंबल. आम्ही नळी मोजतो. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत प्रत्येकाची एक नळी असते. तंतूंकडे बंद, ओठांकडे उघडी. जीभ सैल सोडून ‘अ’ म्हटलं की ती जवळजवळ एकसारखी होते आणि तीन आकड्यांवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवर, घुमते: पहिला, त्याच्या तिप्पट, पाचपट. नळी लांब, तर तिन्ही आकडे खाली.

एका खटल्यात धमकीच्या कॅसेटमधले ‘अ’ साडेचारशे, साडेतेराशे, साडेबावीसशेला घुमत होते. म्हणजे नळी जवळपास साडेएकोणीस सेंटिमीटर. संशयितांत तसा ताडमाड एकच होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याचा आवाज थेट संगणकावर घेतला, आकडे जुळले. मी ऐटीत सही ठोकली आणि तो सात वर्षांसाठी आत गेला.

पुढे शिकाऊ मुलींना नमुना दाखवायला तीच फाईल उघडली. एकीने अगदी तळाची रेघ काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, विजेची घुरघुर, टेपवर येतेच, पन्नासला असते. ती म्हणाली, इथे पंचेचाळीस आहे.

मी यंत्राच्या दुरुस्तीची वही काढली. त्या वर्षी आमच्या कॅसेट वाजवायच्या यंत्राचा पट्टा सैल होता. टेप दहा टक्के संथ फिरली आणि सगळेच आकडे दहा टक्के घसरले. खरे आकडे पाचशे, पंधराशे, अडीच हजार. साडेसतरा सेंटिमीटर. अशी नळी रस्त्यावरच्या कुठल्याही पुरुषाची असते, माझीही.

आमच्या साहेबांनी दार लावून घेतलं. “पट्टा बदललाय ना? त्या वर्षीचे चाळीस रिपोर्ट आहेत, आणि सगळ्यांवर तुझी सही.” मी मान डोलावली. त्याची मला अजून लाज वाटते. मग मी लिफ्टने जाणं सोडलं. पाचव्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढायचो, आणि बायको विचारायची, डॉक्टरांनी सांगितलंय का?

अपिलात न्यायाधीशांनी मला पुन्हा बोलावलं. साहेब मागच्या बाकावर. सरकारी वकिलाने सवयीने विचारलं, रिपोर्टवर ठाम आहात ना? हो म्हटलं की सुटलो, एवढंच डोक्यात होतं. पण समोर तो लिफ्टवाला उभा होता, लांब मान खाली घालून, आणि माझ्याच्याने हो म्हणवेना.

“नाही,” मी म्हणालो. “यंत्र संथ होतं. हा आवाज त्याचाच, असं म्हणता येत नाही.”

पट्ट्याचं सगळं सांगून झालं. मला वाटलं, आता मोकळा श्वास घेईन. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि हे कधी कळलं म्हणून विचारलं.

“अकरा महिने झाले.”

लिफ्टवाल्याने मान वर केली. आवाज अजिबात चढवला नाही.

“आई सहा महिन्यांपूर्वी गेली,” तो म्हणाला. “तिला तरी सांगायचं.”